गुरुजींचा तो एक गुण

आमच्या बुद्धिबळ क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरवडाभर एकच विषय चालू आहे: परभणीच्या एकदिवसीय रॅपिड स्पर्धेत गुरुजींचे गुण साडेपाच की साडेसहा? सचिव म्हणून मी त्यांना लेखी उत्तर दिलं. त्यातलं अर्धंमुर्धं कुणीतरी फॉरवर्ड केलं आणि 'क्लबनं स्वतःच्याच सभासदाला वाऱ्यावर सोडलं' असा सूर निघाला. म्हणून गुरुजींना विचारून ('टाक की, मला काय लपवायचंय?') सगळं इथे लिहितोय. नाव कुणाचंच घेत नाही.

आधी झालं काय ते. सात फेऱ्यांची स्विस लीग, म्हणजे दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात आणि जास्त गुणवाले वरच्या बोर्डांवर बसतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर चालीला पाच सेकंद. गुरुजी पहिल्या तीनही फेऱ्या जिंकले. चौथ्या फेरीत दुसऱ्या बोर्डावर काळी मोहरी, समोर अकरावीतला एक मुलगा, त्याचेही तीनपैकी तीन. गुरुजींनी हत्ती-प्याद्याचा शेवट छान खेळून डाव काढला. रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यानं स्लिप भरायची, दोघांनी सही करायची आणि पंचांच्या टेबलावर द्यायची. गुरुजींनी स्लिपवर लिहिलं १-०.

इथेच घोळ झाला. स्लिपवर डावीकडे पांढऱ्याचं नाव असतं आणि उजवीकडे काळ्याचं. काळ्यानं जिंकलं तर निकाल ०-१. पण जिंकलेला माणूस स्वतःला आधी धरतो, 'मला एक, त्याला शून्य', आणि हात आपोआप १-० लिहून मोकळा होतो. स्पर्धा घेणाऱ्या कुणालाही विचारा, उलट्या निकालांत काळ्यानं जिंकलेल्या डावांची स्लिप किती वेळा निघते ते. हरलेला मुलगा तर रडवेला झालेला, त्यानं न बघता सही ठोकली. कॉम्प्युटरवर बसलेल्यानं जे लिहिलं होतं तेच चढवलं. त्याला दुसरं काय कळणार?

पाचव्या फेरीचं पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याची यादी, लागलं. मुलगा चार गुणांवर पहिल्या बोर्डावर गेला आणि स्पर्धेतल्या अव्वल मानांकित खेळाडूकडून तीस चालींच्या आत हरला. गुरुजी तीन गुणांवर नवव्या बोर्डावर गेले आणि सहज जिंकले. दुसऱ्या बोर्डावर जिंकून माणूस नवव्या बोर्डावर कसा जातो, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. गुरुजींना तो पडला सहाव्या फेरीचा कागद लागल्यावर. नावापुढे पाच हवे होते, चार दिसले. तडक पंचांकडे गेले. मुलाला बोलावलं. पोरगं सरळ, म्हणालं, 'हो सर, मी हरलो होतो.'

म्हणजे डाव कोण जिंकलं यावर वाद नाहीच. वाद आहे तो पुढचा. पंच म्हणाले, स्पर्धेच्या गुणतक्त्यात आता बदल होणार नाही, दुरुस्ती फक्त रेटिंगसाठी पाठवू. गुरुजी सहावी फेरी बरोबरीत सोडवून सातवी जिंकले. तक्त्यावर साडेपाच, सहावा क्रमांक. पहिला आला तो सहा गुणांवर. 'माझे खरे गुण साडेसहा. मग पहिलं बक्षीस कामून नाही?' असं त्यांनी क्लबला लिहून विचारलं. स्पर्धा आमच्याच क्लबची, त्यामुळे उत्तरही आम्हीच द्यायचं होतं.

माझ्या पत्राचा मुख्य भाग जसाच्या तसा देतो. त्यातली फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, आणि के-गुणांक म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा.

'आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि.

चौथ्या फेरीचा डाव तुम्ही जिंकलात. हे क्लबच्या नोंदीत लिहिलं आहे, आणि त्यावर त्या मुलाची व पंचांची सही आहे. त्याबद्दल कुणी शंका घेत असेल तर हे पत्र त्याला दाखवा.

चुकीच्या नोंदलेल्या निकालाचं काय करायचं हे पंचांनी मनानं ठरवलेलं नाही. फिडेच्या स्विस पद्धतीच्या नियमांत त्याचे तीन टप्पे आहेत. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे आपल्याकडे पुढचं पेअरिंग लागायच्या आत, सांगितलं तर गुण दुरुस्त होतात आणि पुढचं पेअरिंगही बरोबर होतं. पेअरिंग लागल्यावर पण ती फेरी संपायच्या आत सांगितलं, तर लागलेलं पेअरिंग तसंच राहतं आणि दुरुस्ती त्यापुढच्या पेअरिंगपासून धरतात. ती फेरीही संपून गेली, तर दुरुस्ती स्पर्धा संपल्यावर आणि फक्त रेटिंगसाठी. तुमची हरकत आली तेव्हा पाचवी फेरी संपलेली होती. मुदत आपल्या माहितीपत्रकात छापलेली होती आणि पहिल्या फेरीआधी पंचांनी माइकवरून सांगितलीही होती.

बुद्धिबळाच्या नियमांतलं जे कलम तुम्ही दाखवलंत, की दोघांनी सही केलेला निकाल चुकीचा असला तरी कायम राहतो, पंचांनी वेगळा निर्णय दिला नाही तर, ते बरोबर आहे. पंचांनी तो वेगळा निर्णय दिलाच आहे. म्हणून तर रेटिंगला तुमचा विजय गेला. तुमचं आणि त्या मुलाचं रेटिंग जवळपास सारखं आहे आणि तुमचा के-गुणांक २०. म्हणजे या डावाचे वजा दहा जाऊन अधिक दहा होतील, वीस गुणांचा फरक. तो तुम्हाला मिळेल.

राहिला प्रश्न साडेसहाचा.'

पत्रात यापुढे मी जे थोडक्यात लिहिलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण ग्रुपवरच्या बहुतेकांचं घोडं इथेच अडलंय. त्यांचं म्हणणं, एक गुण मिळवा, साडेपाच अधिक एक साडेसहा, संपला विषय. साखळी स्पर्धेत हे चाललं असतं. तिथे प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो, कुणाशी खेळायचं हे गुणांवर ठरत नाही. तिथे चुकलेला निकाल शेवटच्या दिवशी सुधारला तरी बाकीचे डाव जागच्या जागी राहतात. स्विसमध्ये तुम्ही कुणाशी खेळणार हे तुमच्या गुणांवरच ठरतं. गुरुजी पाचव्या फेरीत तीन गुणवाल्याशी खेळले, सहाव्यात चार गुणवाल्याशी. चार गुण धरले असते तर पाचव्या फेरीत ते वरच्या दोन-तीन बोर्डांपैकी एकावर बसले असते, कदाचित त्याच अव्वल मानांकितापुढे. जिंकलेही असते, कोण नाही म्हणतं? पण तो डाव झाला नाही. साडेसहा ही बेरीज पहिल्या चार फेऱ्यांतल्या खऱ्या चार गुणांची आणि सोप्या वाटेनं आलेल्या अडीच गुणांची आहे. जो सहा गुणांवर पहिला आला तो वरच्याच बोर्डांवर रगडून आलाय. त्याच्या हातातली ट्रॉफी काढून घ्यायची, ती कशाच्या जोरावर?

आणि त्या पोराचं काय? तो खोट्या एका गुणामुळे पहिल्या बोर्डावर गेला आणि मार खाऊन आला. शेवटी त्याचे पाच झाले आणि सतरा वर्षांखालच्या गटात तिसरं बक्षीस मिळालं. गुरुजींना एक द्यायचा तर त्याचा एक काढायचा, म्हणजे त्याचं बक्षीसही काढायचं. पण खरा निकाल लागला असता तर पाचव्या फेरीत त्याला सोपा प्रतिस्पर्धी मिळाला असता आणि तो गुण त्यानं तिथे भरून काढला असता, असं तोही म्हणू शकतो. शिवाय बुखोल्झ. समान गुण झाले की ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज बघतात. या दोघांशी जे जे खेळले त्या सगळ्यांची बेरीज एकेकानं हलणार. आमच्याकडे साडेपाच गुणांवर पाच जण होते आणि त्यांचे क्रमांक बुखोल्झनंच लागले होते. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांचेही क्रमांक बदलले असते.

यावर ग्रुपवरच्या एका मित्रानं चांगला मुद्दा काढला. सहावी फेरी सुरूच व्हायची होती, दोन फेऱ्या बाकी होत्या. तेव्हाच पाच गुण धरून पेअरिंग पुन्हा काढलं असतं तर वरच्या लोकांशी गाठ पडलीच असती ना? पडली असती. नियम इथे कडक आहे हे मी मान्य करतो. पण त्याचं कारण मला पटतं. मुदत सैल ठेवली तर एखादा हुशार माणूस उलटा निकाल बघूनही गप्प बसेल. एक-दोन फेऱ्या खालच्या बोर्डांवर सोपे गुण खाईल आणि शेवटी 'अहो, माझा एक राहिलाय' म्हणत टेबलाशी येईल. गुरुजी तसे नाहीत, हे परभणीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण पंचानं माणूस बघून मुदत वाढवायची ठरवली, तर बाहेरगावच्या अनोळखी खेळाडूला तो काय तोंड दाखवणार? त्या दिवशी जालना, हिंगोली, नांदेडहून पोरं आली होती.

क्लबच्या शिलकीतून गुरुजींना पहिल्या बक्षिसाइतकी रक्कम द्यावी, असाही एक प्रस्ताव आला. मी विरोध केला आणि तसं पत्रात लिहिलंही. पैसे दिले की आपण कबूल केलं की पहिला क्रमांक त्यांचा होता. मग ट्रॉफी घेऊन गेलेला कोण? आणि घरच्या सभासदाला गुपचूप भरपाई देणाऱ्या क्लबच्या स्पर्धेला पुढच्या वर्षी बाहेरचं कोण येईल?

एका बाबतीत मात्र माझं मत गुरुजींच्या बाजूनं आहे. सात फेऱ्या एका दिवसात बसवायच्या, बाहेरगावच्यांच्या शेवटच्या एसट्या चुकू द्यायच्या नाहीत, म्हणून निकाल भिंतीवर न लावता थेट पुढचं पेअरिंग लावायची आपल्याकडे सगळीकडेच घाई असते. खेळाडू त्या कागदावर बोर्ड नंबर आणि रंग बघतो आणि धावतो. गुण बघायला थांबतो कोण? त्यामुळे पुढच्या स्पर्धेपासून प्रत्येक फेरीचा निकाल आधी लागेल, पाच मिनिटं थांबू, मग पेअरिंग. स्लिपवर आकड्यासोबत जिंकणाऱ्याच्या नावाला गोल करायचा. गोल आणि आकडा जुळला नाही तर टेबलावरचा माणूस स्लिप परत करेल. याला खर्च शून्य आहे. दिवसभरात अर्धा तास वाढेल, तो जेवणाच्या सुट्टीतून काढू.

गुरुजींचं उत्तर परवा आलं, पोस्टकार्डावर. रेटिंगची दुरुस्ती मान्य, बक्षिसाची मागणी मागे. खाली एक सूचना: 'पेअरिंगच्या कागदावर गुणांचा रकाना चष्मा लावूनही वाचता येत नाही. अक्षर मोठं करा.' मी जुना कागद काढून पाहिला. खरंच बारीक आहे, नावं मावावीत म्हणून रकाना आक्रसून छापलेला. आता कागद आडवा छापायचा ठरलंय. काल संध्याकाळी क्लबात नवीन आलेल्या पोरांना ते चौथ्या फेरीचा तो शेवट पटावर मांडून दाखवत होते, आणि 'त्या स्पर्धेत किती गुण झाले, गुरुजी?' असं कुणी विचारलं की माझ्याकडे बघत साडेसहाच सांगत होते.