जावातले १०१ तुरुंग आणि गिरणीतला कोंडा

परवा गावी भातगिरणीवर गेले होते. पॉलिशच्या मशीनखालच्या पोत्यात हात घातला. कोंडा अजून कोमट होता, बोटांना तेलकट लागला. तो म्हशीला जाणार आणि पांढराशुभ्र तांदूळ आमच्या डब्यात. मला तेव्हा जावा बेटावरचे कैदी आठवले.

बेरीबेरी या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराच्या इतिहासात आपल्याला डच डॉक्टर आइकमन यांच्या कोंबड्या सांगितल्या जातात. १८८९ च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, इस्पितळातला उरलेला पांढरा भात खाऊन त्यांचे पाय लुळे पडले आणि खाणं बदलल्यावर त्या बऱ्या झाल्या. पण माणसांचं काय, हे शोधलं व्होर्डरमन नावाच्या आरोग्य निरीक्षकाने, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

जावातल्या प्रत्येक तुरुंगात त्या त्या भागातल्या रीतीचा तांदूळ शिजायचा. व्होर्डरमनने १०१ तुरुंगांतला तांदूळ तपासला, दाण्यावर साल किती उरलीय ते पाहिलं. साल राखलेला तांदूळ देणारे ३७ तुरुंग होते; त्यांतल्या एकातच बेरीबेरी निघाली. पॉलिशचा तांदूळ देणारे ५१ होते. त्यांतल्या ३६ मध्ये निघाली. इमारत जुनी आहे का, हवा खेळते का, गर्दी किती, हेही त्याने पाहिलं. यातल्या कशानेच काही फरक पडत नव्हता.

आइकमनला वाटलं, भातात विष आहे आणि कोंड्यात उतारा. १९०१ मध्ये, त्याच्यानंतर हे काम पुढे नेणाऱ्या ग्रेन्सने ते उलटं केलं: विष नाहीच, काहीतरी कमी पडतंय. ते म्हणजे थायामिन, ब-१ जीवनसत्त्व. ते दाण्याच्या सालीत आणि अंकुरात असतं, आणि पॉलिशमध्ये नेमकं तेच खरवडून निघतं. वर भातातल्या पिष्टाची ऊर्जा करायला शरीराला थायामिनच लागतं. म्हणजे जितका भात जास्त, तितकी गरज जास्त, आणि ताटात तर भातच. शरीरात साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. मग पायांना मुंग्या येतात, उकिडवं बसलेल्याला उठता येत नाही. काहींच्या पायावर सूज येते, बोटाने दाबलं की खड्डा राहतो, आणि हृदय थकत जातं.

आज आपल्या भातावर आमटी असते, उसळ असते, म्हणून आपण बचावतो. ज्याच्या ताटात नुसता भात, त्याला तो पांढरा नको. आपल्या कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ यात फार शहाणा आहे. भात भिजवून उकडताना सालीतलं थायामिन पाण्याबरोबर दाण्यात उतरतं, त्यामुळे नंतर साल गेली तरी बरंचसं आतच राहतं. मात्र भाताचं पाणी ओतून टाकलं तर त्यासोबत तेही जातं. आजी पेजेचं पाणी टाकू द्यायची नाही.

गिरणीवाल्या काकांना म्हटलं, आमच्या भाताला या वेळी एकच हात पॉलिश करा. ते म्हणाले, "करतो, पण लवकर संपवा. कोंड्यात तेल असतं, तांदूळ खवट होतो."

दहाच किलो करून आणलाय.