मत मागणारी लिंक आणि चोराला आपणच दिलेला प्रवेश

‘माझ्या मामेबहिणीची मुलगी नृत्यस्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आहे. तिला एक मत देशील का? पैसे लागत नाहीत, मिनिटभराचं काम आहे.’ खाली लिंक. मेसेज ओळखीच्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो, त्यामुळे नाही म्हणणं जिवावर येतं. ही फसवणूक चालते ती नेमकी या भिडेवर.

अशा वेळी लोकांना दोन सल्ले दिले जातात: अनोळखी लिंक उघडू नका आणि ओटीपी कुणाला सांगू नका. माझं स्पष्ट मत आहे की या प्रकारात दोन्ही सल्ले कुचकामी आहेत. लिंक पाठवणारा अनोळखी नसतो आणि ओटीपी तर कुणी मागतच नाही.

मग होतं काय? लिंक उघडली की दोन-चार मुलींचे फोटो, प्रत्येकीपुढे मतांचा आकडा आणि ‘मत द्या’ असं बटण दिसतं. बटण दाबलं की ‘एका व्यक्तीने एकदाच मत द्यावं म्हणून पडताळणी करा’ असं सांगून तुमचा फोन नंबर विचारतात. तुम्ही तो टाकता त्याच क्षणी पलीकडे चोराच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब तुमच्या नंबराने लॉगिन मागतं. व्हॉट्सअ‍ॅप त्यासाठी अक्षरं आणि आकडे मिळून 8 चिन्हांचा एक कोड देतं. तो चोराच्या स्क्रीनवर येतो आणि चोर तोच उचलून मतदानाच्या पानावर तुम्हाला दाखवतो: ‘हा तुमचा मतदान कोड, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका.’ तेवढ्यात तुमच्या फोनवर नवं डिव्हाइस जोडण्यासाठी कोड टाका अशी सूचना येते. ती खरोखर व्हॉट्सअ‍ॅपचीच असते, म्हणून शंका येत नाही. तुम्ही कोड टाकता आणि चोराचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडला जातो.

म्हणजे इथे तुम्ही कोड कुणालाही सांगितलेला नसतो. चोराचा कोड तुम्ही स्वतःच्या फोनमध्ये टाकलेला असतो. लोकांना हे उलटं चक्र समजावून सांगायला हवं, आणि ते कुणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत असंच झालं. तिचा फोन बंद पडला नाही, ती लॉगआउटही झाली नाही, सगळं नेहमीसारखं चालू होतं. ‘पैसे कशाला हवेत गं, सगळं ठीक आहे ना?’ असं विचारायला काकांचा फोन आला तेव्हा तिला कळलं. तिच्या फोनवर काकांच्या चॅटमध्ये तसा मेसेजच नव्हता, कारण पाठवल्यावर चोराने तो तिच्या बाजूने पुसून टाकला होता. काकांच्या फोनवर मात्र तो होता आणि त्यात ‘काका’ अशीच हाक मारलेली होती. जोडलेल्या डिव्हाइसवर जुनी चॅटही जाते, त्यामुळे तुम्ही कुणाशी कसं बोलता हे चोराला आयतं वाचायला मिळतं.

आम्ही तिच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Linked devices, म्हणजे जोडलेल्या डिव्हाइसची यादी, उघडली. अँड्रॉइडवर ती व्हॉट्सअ‍ॅपच्या वरच्या तीन टिंबांत असते, आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्याच Settings मध्ये. यादीत विंडोजवर चालणारं क्रोम दिसलं, आणि तिच्याकडे तर कॉम्प्युटरच नाही. त्या नावावर टिचकी मारून Log out केलं की चोर बाहेर. आपोआप मात्र तो जात नाही. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडलेली डिव्हाइस सुटतात खरी, पण फोन आपण रोजच वापरतो, त्यामुळे चोराचा मुक्काम कितीही लांबू शकतो.

‘मी टू-स्टेप पिन लावलाय, मला काही होणार नाही,’ असं बरेच जण म्हणतात. पिन जरूर लावा, पण तो तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नव्याने नोंदवू देत नाही एवढंच. डिव्हाइस जोडताना तो विचारलाच जात नाही.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामने लॉगिन करून मत द्या असं सांगणारी पानंही असतात. तिथे चाल साधी असते: लॉगिनचं पान नकली असतं आणि पासवर्ड थेट चोराकडे जातो. तो लगेच बदला, आणि तोच पासवर्ड इतर कुठे वापरला असेल तर तिथेही बदला.

मेसेज आला तर पाठवणाऱ्याला फोन लावा. त्याच चॅटमध्ये ‘खरंच तूच पाठवलंस का?’ असं विचारू नका, कारण ‘हो, मीच’ हे उत्तर चोर देईल. आणि फसलेला माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला बोल लावत बसू नका. आधी Linked devices तपासायला सांगा. मग त्याच्या वतीने त्याच्या घरच्यांना, विशेषतः हाक मारली की लगेच पैसे पाठवतील अशा मोठ्यांना, एकेक करून फोन करा. चोराला बाहेर काढलं तरी त्याने आधी पाठवलेले मेसेज त्यांच्या फोनवर तसेच पडलेले असतात.