बांबू मोडत नाही, गाठ सुटते

"दोन मजली घराच्या रंगासाठी लोखंडी पाइपची परांची म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी. बांबू लोखंडापेक्षा मजबूत असतो, वादळात वाकतो पण मोडत नाही, आणि त्यातून करंट लागत नाही. हाँगकाँगमध्ये चाळीस मजली इमारती बांबूवर रंगतात, मग आपल्या नागपुरात काय अडचण?" घर रंगवायला काढले की हा युक्तिवाद ऐकायला मिळतो.

ताकदीच्या मुद्द्यात अर्धे खरे आहे. वजनाच्या मानाने बांबूचे तंतू ओढ फार चांगली सोसतात. पण रंगकामाला एवढी ताकद लागतच नाही. मानेवाड्यातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. जोते दोन फूट, दहा-दहा फुटांचे दोन मजले आणि वर तीन फुटांचा कठडा, म्हणजे २५ फूट उंची. परांचीची रुंदी तीन फूट आणि दोन उभ्या बांबूंमधले अंतर सहा फूट धरू. अशा एका खणात दोन पेंटर, म्हणजे १५० किलो. पुट्टीची गोणी ४० किलो, इमल्शनचा २० लिटरचा भरलेला डबा साधारण २७ किलो, फळ्या ३० किलो. बेरीज २५० किलोच्या आत राहते. चार कोपऱ्यांत वाटली तर एका जोडावर ६२ किलो येतात, आणि शेजारच्या खणातही तेवढाच भार असला तर १२४. आपल्याकडचा भरीव मानवेल, घुण न लागलेला असेल, तर हे सहज पेलतो.

म्हणून प्रश्न बांबूचा नाही, जोडाचा आहे. पाइपच्या परांचीत दोन पाइप जोडणारा, नीट आवळलेला काटकोनी कप्लर ६०० किलोच्या आसपास भार सुरक्षितपणे घेतो आणि आठवड्यानंतरही तेवढाच घेतो. बांबूचा जोड म्हणजे काथ्याच्या दोराचे पाच-सहा वेढे. आडव्या बांबूवरचा सगळा भार त्या वेढ्यांच्या घट्टपणावर आणि घर्षणावर टिकतो. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांतली कोरडी हवा नेमकी त्यावरच घाला घालते. ठेकेदार बरेचदा ओलसर बांबू आणतो. ४४-४५ अंशांच्या उन्हात तो वाळतो आणि घेराने आटतो. सहा सेंटीमीटर जाडीचा बांबू पाच टक्के आटला तर जाडी तीन मिलिमीटरने घटते, आणि प्रत्येक वेढा जवळजवळ एक सेंटीमीटर ढिला पडतो. त्यात पहिल्या दिवशी भिंत धुतली जाते, तेव्हा दोरही भिजतो. भिजलेला काथ्या आखडून गाठ घट्ट वाटते, पण दोन दिवसांनी वाळला की सैल होतो. पेंटर मात्र पहिल्या दिवशीच्या घट्टपणावर विसंबून वर चढतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. गाठी बांधून झाल्या की आडव्या बांबूच्या लगेच खाली, उभ्या बांबूवर खडूने रेघ मारायला सांगा. दुसऱ्या दिवशी कामाआधी बघा. रेघ झाकली गेली असेल तर आडवा घसरला आहे, आणि ती गाठ सोडून नव्याने बांधल्याशिवाय कोणी वर जायचे नाही. गाठ बांधतानाच आडवा बांबू पेराच्या वर टेकवला तर घसरायला वाव कमी राहतो. हुशार बांधणारे हे करतात, घाईतले करत नाहीत. बांबूच्या बुंध्याशी पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीएवढी छिद्रे दिसली तर तो घुणाने पोखरलेला आहे. तो बाहेरून कितीही साजरा दिसला तरी परत पाठवायचा.

आता वादळ. मेमध्ये दुपारनंतर धुळीचे लोट उठतात आणि अवकाळी पाऊस येतो. त्या वेळी बांबू वाकतो की मोडतो हा प्रश्नच गौण ठरतो, कारण परांची पडते ती भिंतीपासून सुटून, अख्खीच्या अख्खी. स्वतंत्र उभ्या परांचीची उंची तिच्या तळाच्या रुंदीच्या चौपटीपुढे गेली की तिला इमारतीशी जखडावेच लागते. तीन फूट रुंदीला ही हद्द बारा फुटांवर संपते, आपली परांची २५ फूट आहे. आणि शेजाऱ्यांवर रंग उडू नये म्हणून बाहेरून ताडपत्री बांधतात, ती शीडच होते. ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण २३ किलो दाब येतो. २० फूट लांब आणि २५ फूट उंच ताडपत्री म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर, म्हणजे हजार किलोंहून अधिक ओढ. विरळ हिरव्या जाळीवर ती बरीच कमी होते, तरी शेकड्यांतच राहते. ही ओढ खिडकीच्या ग्रिलला किंवा पावसाळी पाइपला बांधलेली दोरी धरू शकत नाही. खिडकीच्या आतून भिंतीच्या दोन्ही बाजूंना टेकेल असा आडवा बांबू किंवा पाइप घालून परांची त्याला बांधावी लागते, आणि दोन्ही मजल्यांवर, निदान एका खिडकीआड एक. आभाळ भरून आले की आधी ताडपत्री उतरवायची. हा नियम लोखंडालाही तितकाच लागू आहे. न जखडलेली पाइपची परांची जड असूनही उलटते.

करंटचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्याने माणूस निर्धास्त होतो. कोरडा बांबू वीज फारशी वाहू देत नाही, पण धुतलेल्या भिंतीचे पाणी अंगावर घेतलेला बांबू वाहू देतो. पेंटरच्या हातात रोलरचा लांब धातूचा दांडाही असतो. नियमाप्रमाणे ११ केव्हीची तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर दूर हवी. आता परांची मोजा. भिंतीपासून एक फूट जागा आणि तीन फूट रुंदी, म्हणजे चार फूट, जवळपास तेच १.२ मीटर. नियमात बसणारी तारही परांचीच्या बाहेरच्या खांबाला टेकू शकते. अशा बाजूचे काम महावितरणकडून वीजपुरवठा रीतसर बंद करून घेतल्याखेरीज करू नये. मग परांची कशाचीही असो.

हाँगकाँगचे उदाहरण देताना तिथला बांबू कसा निवडतात ते सांगितले जात नाही. तिथल्या बांधकाम विभागाच्या मार्गदर्शिकेत बांबू तीन ते पाच वर्षांचा आणि किमान तीन महिने हवेत वाळवलेला असावा, किमान जाडी किती असावी, हे ठरवून दिले आहे. बांधणारे प्रशिक्षित असतात आणि गाठी नायलॉनच्या पट्ट्यांच्या असतात. त्याच शहराच्या सरकारने मार्च २०२५ मध्ये नव्या सरकारी इमारतींच्या निम्म्या तरी कामांत धातूची परांची वापरण्याचे ठरवले.

मी स्वतः कसे ठरवतो ते सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पक्का वाळलेला बांबू, रोज गाठी तपासणारा मिस्त्री आणि वेड्यावाकड्या सज्जांचे जुने घर असेल तर बांबू चालतो, किंबहुना सज्जांभोवती तो पाइपपेक्षा सोपा वळवता येतो. मार्चच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत मी पाइपच घेईन, एका वेळी एकाच भिंतीपुरती भाड्याने, म्हणजे खर्चही आवाक्यात राहतो. दोन्हीतही कमरेइतका आडवा कठडा, सलग तीन फळ्या आणि पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट हवा. बेल्टचा दोर गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीच्या कॉलमला बांधायचा, परांचीला नाही.

पाइप घेतली तरी अंगणातली काळी माती विसरू नका. बेस प्लेटशिवाय ठेवलेला पाय पहिल्या पावसात बोटभर खचतो आणि परांची भिंतीपासून कलते. प्रत्येक बेस प्लेटखाली दोन पाय सामावतील अशी लांब जाड फळी घाला, आणि पाऊस पडून गेल्यावर वर चढण्याआधी ओळंबा लावून बघा.