हॅमर कुठं पडला ते आधी बघा

"हॅमर बरोबर ओळखून शेअर घेतला, तरी दुसऱ्याच दिवशी स्टॉपलॉस उडाला. माझं काय चुकलं?"

हॅमर म्हणजे वर छोटी बॉडी आणि खाली लांब शेपटी असलेली कॅण्डल. ती चार्टवर कुठं पडली, ती जागा बघायची राहिली असणार. मी बेळगावात खडेबाजारात दुकान सांभाळतो आणि रात्री शटर ओढल्यावर डेली चार्ट बघतो. हाच फटका मलाही बसलाय.

एक शेअर दोन महिने ४२० ते ४८० मध्येच फिरत होता. ४५२ ला सुरेख हॅमर पडला, खालची शेपटी बॉडीच्या तिप्पट. मी घेतला आणि तोटा खाल्ला. पट्ट्याच्या मधोमध खरेदीदार दबा धरून बसलेले नसतात, तिथली लांब शेपटी म्हणजे नुसती एका दिवसाची ओढाताण.

पुढं भाव ४२८ ला उघडून ४१७ पर्यंत घसरला आणि ४२४ ला बंद झाला. शेपटी सात रुपये, बॉडी चार, म्हणजे शेपटी बॉडीच्या दुप्पट हवी ही पुस्तकातली अटसुद्धा पुरी होत नव्हती. पण ४२० तुटलं म्हणून ज्यांनी हातात नसलेला शेअर आधी विकून शॉर्ट केलं ते अडकले, आणि त्यांनाच आता खरेदी करून बाहेर पडायचं होतं! दुसऱ्या दिवशी भाव कॅण्डलच्या हायच्या, ४२९ च्या, वर बंद झाला तेव्हाच मी ४३१ ला शिरलो. स्टॉप ४१६, टार्गेट ४७५. ते मिळालं.

आदल्या दिवसाची बॉडी पूर्ण गिळणाऱ्या एनगल्फिंग कॅण्डललाही हेच लागू. शूटिंग स्टार, म्हणजे खाली छोटी बॉडी आणि वर लांब शेपटी, तर ४८० जवळ पडला तरच विक्रीचा इशारा. तोच आकार घसरणीच्या तळाशी आला की त्याला इन्व्हर्टेड हॅमर म्हणतात.