बेसमेंटचा पंप, दोन बाय दोनचा खड्डा आणि एक फिरता सल्ला

“बेसमेंटमध्ये पावसाचे पाणी येत असेल तर सरळ ३ एचपीचा पंप बसवा, मग पाणी गोळा होण्याचा खड्डा दोन बाय दोन फुटांचा असला तरी चालतो. पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा फ्लोट जितका खाली तितका बरा, म्हणजे खड्डा पूर्ण कोरडा होतो. एनआरव्ही, म्हणजे पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह, कोणताही लावा, काम एकच.”

सोसायट्यांमध्ये फिरणारा हा सल्ला तिन्ही बाबतींत फसतो. आधी खड्डा आणि पंप यांचा हिशेब पाहू. पार्किंगचा उघडा रॅम्प ५ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब आहे, आणि तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळतो आहे असे धरले, तर खड्ड्यात मिनिटाला १२५ लिटर पाणी येते. दोन बाय दोनच्या खड्ड्यात पंप सुरू होण्याची आणि बंद होण्याची पातळी यांत ३० सेंटिमीटरचे अंतर ठेवले, तर त्या पट्ट्यात जेमतेम १०८ लिटर मावतात. हा पट्टा ५२ सेकंदांत भरतो, आणि मिनिटाला ५०० लिटर उपसणारा ३ एचपीचा पंप तो १७ सेकंदांत रिकामा करतो; म्हणजे पाऊस टिकला तर पंप तासाला सुमारे ५२ वेळा सुरू होणार. प्रत्येक सुरुवातीला मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते आणि ती उष्णता निघून जायला वेळ लागतो, म्हणून नेमकी मर्यादा उत्पादकाच्या पत्रकात पाहावी हे खरे असले, तरी लहान पंपांसाठी तासाला दहा सुरुवाती धरून खड्डा आखणे सुरक्षित असते.

त्याच खड्ड्यात मिनिटाला २०० लिटरचा १ एचपी पंप बसवला तर सुरुवातींची संख्या निम्म्यावर, २६ पर्यंत येते आणि पाणीही उपसले जाते. सोसायटीच्या सभेत मात्र मोठा पंप लवकर मंजूर होतो, कारण एचपीचा आकडा सर्वांना कळतो आणि खड्ड्याचे लिटर कोणी विचारत नाही. येणारे पाणी पंपाच्या क्षमतेच्या बरोबर निम्मे असते तेव्हा पंप सर्वाधिक वेळा चालू-बंद होतो. त्यामुळे पंपाचा मिनिटाचा उपसा गुणिले दोन सुरुवातींमधली किमान मिनिटे, भागिले चार, इतके लिटर त्या पट्ट्यात मावले पाहिजेत. २०० लिटरच्या पंपाला सहा मिनिटांच्या अंतरासाठी ३०० लिटर लागतात, म्हणजे १ मीटर चौरस खड्डा आणि ३० सेंटिमीटरचा पट्टा. जुन्या इमारतीत राफ्ट, म्हणजे पायाची सलग काँक्रीट स्लॅब, फोडून खड्डा वाढवणे वॉटरप्रूफिंगच्या दृष्टीने धोक्याचे असते. तिथे दोन लहान पंप आळीपाळीने चालवावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्या सुरुवाती येतात.

फ्लोट अगदी खाली उतरवण्यातला तोटा मोटर उघडी पडून तापण्यापुरता नाही. पाणी पंपाच्या जाळीपर्यंत उतरले की पंप हवा ओढतो. तो थांबल्यावर वरच्या पाइपातल्या पाण्याच्या भाराने एनआरव्ही घट्ट बसतो आणि ती हवा पंप व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये अडकते. पुढच्या वेळी मोटर फिरते, पण पाणी चढत नाही; अॅमीटरवर करंट नेहमीपेक्षा कमी दिसतो आणि व्हॉल्व्हखालचा पाइपाचा जोड, म्हणजे युनियन, सैल केला की फुस्स करून हवा निघते. पंप जळाला असे समजून तो काढून नेला जातो, तो बहुधा अशाच वेळी. उपाय दोन आहेत: बंद होण्याची पातळी जाळीच्या बरीच वर, उत्पादकाने दिलेल्या किमान बुडीइतकी ठेवणे, आणि पंप व व्हॉल्व्ह यांमधल्या पाइपाला हवा निघून जाण्यासाठी ४-५ मिलिमीटरचे छिद्र खड्ड्याकडे तोंड करून पाडणे. चालू होण्याची पातळी खड्ड्यात येणाऱ्या चरीच्या तळाखाली हवी, नाहीतर पाणी चरीतच तुंबते. वायरवर लोंबणाऱ्या फ्लोटला झोका घ्यायला जागा लागते. अरुंद खड्ड्यात तो पाइपाला अडकतो, म्हणून तिथे उभ्या दांड्यावरचा फ्लोट घ्यावा.

राहिला एनआरव्ही. झडपेचा साधा व्हॉल्व्ह पाणी उलटे वाहू लागल्यावर आपटून मिटतो. पंप थांबताच धप्प आवाज येतो आणि सांधे हळूहळू सैल होतात. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आवाजाविना मिटतो, पण त्यात केस आणि प्लॅस्टिक अडकते. रॅम्पवरून गाळ येणार असेल तर रबरी गोळ्याचा व्हॉल्व्ह घ्यावा, कारण पाणी वाहताना गोळा वाटेतून पूर्ण बाजूला सरतो. तो मिटतो की नाही हे कोरड्या दिवशी तपासता येते: ५० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला सुमारे २ लिटर पाणी असते, म्हणून ८ मीटर चढाचे १६ लिटर परत आले तर दोन बाय दोनच्या खड्ड्यात पातळी पंप थांबल्यावर सुमारे साडेचार सेंटिमीटर वर येते. छिद्रातून येणारे पाणी व्हॉल्व्हच्या खालच्या तुकड्यातले, म्हणजे थोडेच असते.

पाइपाचे तोंड रस्त्याच्या गटारात बुडत असेल तर मात्र एकट्या व्हॉल्व्हवर विसंबू नये. गटार तुंबले आणि व्हॉल्व्हमध्ये काडी अडकली, तर रस्त्याचे पाणी सायफनने तळघरात उतरते. म्हणून पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन, माथ्यावर हवेसाठी उघडी नळी ठेवून, मगच गटाराकडे वळवावा.