हरवलेल्या बॅगेचा क्लेम: नुसती यादी पुरत नाही

प्रवास विम्याबद्दल असा सल्ला ऐकायला मिळतो: "विमानाला उशीर झाला, बॅगही आली नाही, तर टेन्शन घेऊ नका. एअरलाइनच्या काउंटरवर तक्रार नोंदवा, तोच कागद विमा कंपनीला पाठवा, सोबत सामानाची यादी जोडा. बिलं लागत नाहीत. बॅगेसाठी पॉलिसीत लिहिलेली पूर्ण रक्कम मिळते."

काउंटरवर तक्रार नोंदवा, एवढं मात्र शंभर टक्के खरं. तीही विमानतळाबाहेर पडायच्या आधी. पुढचं सगळं गडबडीचं आहे.

काउंटरवर मिळतो त्या कागदाला पीआयआर म्हणतात. बॅग आली नाही, एवढंच तो सांगतो. हरवली असं तो म्हणत नाही. 1999च्या मॉन्ट्रियल करारानुसार एअरलाइनने स्वतःहून कबूल केलं नाही, तर बॅग ज्या दिवशी पोचायला हवी होती तिथून 21 दिवस उलटल्यावरच ती हरवली असं धरून हक्क मागता येतो. तोवर तुमची बॅग नुसती उशिरा आहे, आणि उशीर व हरवणं ही पॉलिसीत दोन वेगळी कलमं असतात. त्यामुळे 21 दिवसांनी एअरलाइनकडून बॅग सापडली नसल्याचं लेखी पत्र घ्यावं लागतं. मात्र विमा कंपनीला कळवायची मुदत स्वतंत्र चालू असते. पत्राची वाट पाहत बसू नका; आधी क्लेम नंबर घ्या, कागद मागाहून द्या.

"बिलं लागत नाहीत" हे वाक्य सर्वांत महाग पडतं. बॅग येईपर्यंत घेतलेले कपडे, टूथब्रश, चार्जर यांचे पैसे सहसा केलेल्या खर्चाची भरपाई म्हणून मिळतात, म्हणजे बिल नाही तर पैसे नाहीत. बिलावरची वेळही बघितली जाते. बॅग रात्री 9:40 ला दारात आली आणि शर्टाचं बिल 10:15 चं असेल, तर ते बिल बाद. हरवलेल्या जुन्या वस्तूंची बिलं कोणीच जपून ठेवत नाही, हे कंपनीलाही ठाऊक असतं. तिथे ऑर्डरचा ईमेल, वॉरंटी कार्ड, वस्तू अंगावर असलेला फोटो चालू शकतो. नुसतं कार्डाचं स्टेटमेंट मात्र दुकान आणि रक्कम सांगतं, काय घेतलं ते सांगत नाही.

यादीबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही एअरलाइनलाही सामानाचा तपशील देता. एका यादीत नसलेला कॅमेरा दुसरीत उगवला, की तपासणारा तिथेच थांबतो. चेक-इनला बॅगेचं वजन नोंदलं जातं, तेही विसरू नका. 14 किलोच्या बॅगेत 25 किलोचं सामान यादीत भरणारे महाभाग असतात.

आता "पूर्ण रक्कम". समजा एका बॅगेची मर्यादा 1,000 आहे (चलन कुठलंही धरा), एका वस्तूला जास्तीत जास्त 100, आणि दरवर्षी मूळ किमतीच्या 10 टक्के घसारा. यादी अशी: कोट 240, तीन वर्षं जुना. बूट 90 आणि इतर कपडे 150, दोन्ही वर्षभर वापरलेले. खुद्द बॅग 120, दोन वर्षांची. कॅमेरा 400. बेरीज बरोबर 1,000, म्हणून माणूस खूश. पण घसारा काढून कोट 168 वर येतो आणि वस्तूच्या मर्यादेमुळे 100 वर अडतो. बूट 81, कपड्यांचा प्रत्येक नग मर्यादेच्या आत धरून मिळून 135, बॅग 96. चेक-इन सामानातल्या मौल्यवान वस्तू बऱ्याच पॉलिसी वगळतात, म्हणून कॅमेऱ्याचे शून्य. झाले 412. बॅगेच्या उशिरापोटी 60 आधीच मिळाले असतील तर बहुतेक पॉलिसींत ते वजा होतात आणि हातात 352 पडतात. एअरलाइनने त्याच सामानाचे काही दिले असतील, तर तेही हिशोबात येतात. एकाच कोटाचे पैसे दोनदा मिळत नाहीत.

विमानाच्या उशिराचा क्लेम या सगळ्यापासून वेगळा. त्याला पीआयआरचा काही उपयोग नाही. एअरलाइनचं असं पत्र लागतं ज्यात ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण लिहिलेलं असेल. बोर्डिंग पासवर प्रत्यक्ष सुटण्याची वेळ नसते, म्हणून तो एकटा चालत नाही. शिवाय उशीर सुटण्याचा मोजायचा की पोचण्याचा, ते पॉलिसीत बघा. संध्याकाळी 6:20 चं विमान रात्री 1:05 ला सुटलं तर पावणेसात तास झाले. वाटेत त्याने तासभर भरून काढला, तर पोचायला पावणेसहाच तास उशीर. पॉलिसीची अट सहा तासांची असेल, तर पैसे मिळणार की नाही हे त्या एका शब्दावर ठरतं.