डेटा साफ करण्याच्या ‘हमाली’विषयी

“परदेशात इकॉनॉमिक्सची पीएचडी मिळवायला जीआरईत 170 आणा, मोठ्या माणसांची तीन शिफारसपत्रे जोडा, एखादा पेपर छापून घ्या. बी.ए.चे गणित पुरते. रिसर्च असिस्टंट होऊन डेटा साफ करण्याच्या हमालीत दोन वर्षे वाया घालवू नका.”

हा मजकूर भाचीपर्यंत पोहोचला आणि हाती आलेली संशोधन सहाय्यकाची नोकरी नाकारण्याचे तिने जवळजवळ ठरवले, म्हणून आधी त्या ‘हमाली’कडेच वळतो.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे 2011च्या जनगणनेत तो नाही, नंतरच्या सर्वेक्षणांत आहे. दोन्ही तक्ते जिल्ह्याच्या नावावरून जोडले, की पालघरच्या ओळींना जोड सापडत नाही. त्या सरसकट वगळल्या, तर जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे अभ्यासातून गळतात, आणि उरलेल्या ठाण्याला पालघर धरून मोजलेले जुने आकडे चिकटतात. संगणक कुरकुर करत नाही; उत्तर नीटनेटके येते, फक्त चुकीचे असते. न जुळलेल्या ओळी कोणत्या, हे उघडून पाहणारा आणि सर्वेक्षणातले ठाणे व पालघर एकत्र करून मग जुन्या ठाण्याशी जोडणारा सहाय्यक प्राध्यापकांच्या लक्षात राहतो. शिफारसपत्रात वजन येते ते अशा प्रसंगांच्या वर्णनामुळे. ज्याने तुमचे काम पाहिलेच नाही, अशा मोठ्या माणसाच्या पत्रात गोड विशेषणांखेरीज काय असणार?

गणिताबद्दलचे विधान तर धडधडीत चूक आहे. अमेरिकेतील अनेक अर्थशास्त्र विभागांत पीएचडीच्या पहिल्या वर्षी वापरले जाणारे मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचे 1995चे पाठ्यपुस्तक उघडावे. तिसऱ्याच प्रकरणात प्रश्न येतो, की ग्राहकाची सर्वोत्तम निवड मुळात अस्तित्वात असते का. सर्व किमती शून्याहून अधिक असतील, तर परवडणाऱ्या निवडींचा संच बंदिस्त आणि सीमित असतो, आणि सतत फलाला त्यावर महत्तम मूल्य मिळतेच. एका वस्तूची किंमत शून्य झाली आणि ती जितकी जास्त तितकी हवीच असेल, तर सर्वोत्तम निवडच उरत नाही. हे रिअल अ‍ॅनालिसिस आहे, बी.ए.च्या कलनाने उदाहरण सुटते, सिद्धता लिहिता येत नाही. म्हणून गणित विभागातला हा विषय, रेषीय बीजगणितासह, गुणपत्रिकेवर चांगल्या श्रेणीने दिसावा लागतो.

जीआरईचे अर्धसत्य मान्य करतो: गुण कमी पडले तर अर्ज मागे पडू शकतो. पण गणिताच्या भागात 170 पैकी 170 मिळवणारे इतके असतात, की त्याने वेगळेपण सिद्ध होत नाही. पैसे मोजून छापलेल्या पेपरवर शब्द खर्चण्याची गरज नाही.

सहाय्यकाची नोकरी सक्तीची नाही, हेही खरे. आणि जिथे प्राध्यापकांशी गाठच पडत नाही, तिथे पत्रही पोकळच मिळते. म्हणून भाचीला सांगितले आहे, की होकार देण्यापूर्वी तिथल्या जुन्या सहाय्यकांना विचार: कामावर चर्चा कोण करते, आणि पत्र कोण लिहिते?